शोधनिबंधातली मेथडॉलॉजी वाचायची कशी? क्षयरोगाच्या एका जुन्या चाचणीसोबत

पदवीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला कधीतरी हातात एक शोधनिबंध पडतो. सर किंवा मॅडम सांगतात, "पुढच्या लेक्चरला याची मेथडॉलॉजी समजावून सांगायची." विषय आपला नसतो. प्रस्तावना कशीबशी कळते, निष्कर्षही कळतो. मधली दोन-तीन पानं मात्र अशी असतात की वाचून संपतात आणि डोक्यात काहीच उरत नाही. मग बहुतेक जण तिथली वाक्यं जरा इकडेतिकडे करून स्लाइडवर चिकटवतात आणि वाचून दाखवतात.

मुंबईतल्या कॉलेजांत मेथडॉलॉजी वाचायला शिकवताना मला उलटाच अनुभव येतो. विषयाचं काहीही माहीत नसलेल्या माणसाला निबंधातला सगळ्यात जास्त कळू शकणारा भाग हाच असतो. निष्कर्ष तोलायला विषयाची जाण लागते. मेथडॉलॉजी वाचायला एक प्रश्न पुरतो, आणि तो प्रत्येक वाक्यापाशी थांबून विचारायचा: हे केलं नसतं, तर निकालावर कोणता संशय घेता आला असता? या भागातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य कुठली तरी पळवाट बंद करण्यासाठी लिहिलेलं असतं. पळवाट दिसली की वाक्याचा अर्थ लागतो.

हे नुसतं सांगून पटणार नाही, म्हणून एक निबंध घेऊ. ३० ऑक्टोबर १९४८ च्या ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापलेला, फुप्फुसाच्या क्षयावर स्ट्रेप्टोमायसिन या औषधाच्या चाचणीचा. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने ती केली होती. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी रुग्णांची वाटणी करणाऱ्या आजच्या औषधचाचण्यांचा हा आद्य नमुना मानतात. तो निवडण्याचं माझं कारण मात्र साधं आहे: त्याची भाषा सरळ आहे आणि टीबी म्हणजे काय हे मुंबईत कुणाला समजावून सांगावं लागत नाही. शिवडीचं हॉस्पिटल म्हटलं की कळतं.

आधी प्रश्न एका ओळीत लिहा

मेथडॉलॉजीकडे वळण्यापूर्वी प्रस्तावनेचा शेवटचा परिच्छेद वाचा. संशोधकांना काय शोधायचं होतं ते सहसा तिथे असतं. ते आपल्या शब्दांत, एका ओळीत, वहीच्या वरच्या बाजूला लिहा. इथे ती ओळ अशी होईल: क्षयाच्या रुग्णाला अंथरुणात विश्रांतीबरोबर स्ट्रेप्टोमायसिन दिलं, तर नुसत्या विश्रांतीपेक्षा तो जास्त बरा होतो का?

'पेक्षा' हा शब्द अधोरेखित करून ठेवा. "औषध दिलं आणि रुग्ण सुधारले" एवढं पुरत नाही का, असं वर्गात कुणीतरी हमखास विचारतं. नाही पुरत, कारण क्षय हा लहरी आजार आहे. काही जण औषधाशिवायही सुधारतात, काहींना काहीही दिलं तरी उतार पडत नाही. याआधी सॅनोक्रायसिन नावाचं सोन्याचं संयुग क्षयावर बरीच वर्षं दिलं जात होतं आणि त्याने गुण येतो असं अनेक डॉक्टर मानत. १९३१ मध्ये अमेरिकेत छापलेल्या एका छोट्या चाचणीत १२-१२ रुग्णांचे दोन गट करून तुलना केली, तेव्हा फायदा दिसला नाही; अपाय मात्र दिसला. म्हणजे 'पेक्षा' नसलेला प्रश्न किती वर्षं फसवू शकतो, हे १९४६ साली या चाचणीची आखणी करणाऱ्यांना माहीत होतं.

मग विचारा: यात कुणाला घेतलं?

निबंधात रुग्णांचं वर्णन साधारण असं येतं: दोन्ही फुप्फुसांना झालेला, झपाट्याने वाढणारा, बहुधा अलीकडेच सुरू झालेला क्षय, जंतूंच्या तपासणीने सिद्ध झालेला, 'कोलॅप्स थेरपी'ला अयोग्य, वय १५ ते २५, पुढे ही मर्यादा ३० पर्यंत वाढवली.

एका वाक्यात चार-पाच अनोळखी गोष्टी आल्या की नवखा वाचक दोनपैकी एक चूक करतो. एक तर प्रत्येक शब्द शोधत बसतो आणि अर्ध्या तासात थकतो, नाहीतर सगळंच सोडून पुढे जातो. माझा नियम असा आहे की ज्या शब्दामुळे कोण आत आणि कोण बाहेर हे ठरतं, तो शब्द शोधायचाच. बाकीचे तूर्त सोडायचे. थुंकीतले जंतू प्रयोगशाळेत कशावर वाढवले, हे तुम्हाला आज नाही कळलं तरी चालेल. 'कोलॅप्स थेरपी' मात्र कळायलाच हवी, कारण तिच्यावर प्रवेश अवलंबून आहे.

शोधलंत तर दिसेल की त्या काळी क्षयाच्या एका फुप्फुसाभोवती हवा भरून ते मुद्दाम दाबून ठेवत, म्हणजे त्याला विश्रांती मिळे आणि जखम भरून येण्याची शक्यता वाढे. तोपर्यंत श्वासाचं काम दुसऱ्या फुप्फुसाने करायचं. आता या रुग्णांकडे बघा. यांची दोन्ही फुप्फुसं बिघडलेली आहेत. दाबणार कुठलं?

इथे एका शब्दातून दोन गोष्टी उलगडतात. या रुग्णांना अंथरुणातल्या विश्रांतीखेरीज देण्यासारखा दुसरा उपचारच नव्हता. म्हणून तुलनेच्या गटाला नुसती विश्रांती देणं म्हणजे त्यांच्या वाट्याचा उपचार काढून घेणं नव्हतं. शिवाय औषध ब्रिटनमध्ये तेव्हा फार थोडं होतं, सगळ्यांना पुरणारं नव्हतंच.

आता आपला ठरलेला प्रश्न. एवढी काटेकोर निवड केली नसती तर? कुणाला कालपरवाचा सौम्य आजार, कुणाला दहा वर्षांचा जुना, कुणाचं वय साठ. मग सुधारणा औषधामुळे झाली की मुळात आजारच वेगळा होता, याचा निवाडा अवघड झाला असता. निवडीची एक किंमतही आहे. वहीत समासात लिहून ठेवा: हा निकाल १५ ते ३० वयाच्या, अशाच प्रकारच्या क्षयाच्या रुग्णांपुरता. पन्नाशीच्या माणसाबद्दल हा निबंध गप्प आहे.

इथे रेंगाळा: वाटणी कशी केली?

सगळ्या मेथडॉलॉजीतला एकच परिच्छेद वाचायला वेळ असेल, तर हा वाचा. रुग्णांचे दोन गट पाडले: एकाला औषध आणि विश्रांती, दुसऱ्याला नुसती विश्रांती. कोण कुठल्या गटात जाणार हे ठरवलं कुणी?

ही व्यवस्था संख्याशास्त्राचे प्राध्यापक ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी आखली होती. त्यांनी यादृच्छिक संख्यांच्या तक्त्यावरून प्रत्येक हॉस्पिटलसाठी, आणि त्यातही पुरुषांची वेगळी व स्त्रियांची वेगळी, अशी क्रमवारी तयार केली. ती बंद लिफाफ्यांत ठेवली. लिफाफ्यावर फक्त हॉस्पिटलचं नाव आणि क्रमांक. आत काय आहे हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांनाही माहीत नव्हतं आणि चाचणीचं काम एकत्र बांधणाऱ्या समन्वयकालाही नाही. आधी तज्ज्ञांचं मंडळ कागद पाहून रुग्णाला चाचणीत घ्यायचं की नाही हे ठरवी. "घेतला" असं पक्कं झाल्यावर मध्यवर्ती कार्यालयात पुढच्या क्रमांकाचा लिफाफा उघडत, आणि आतल्या कार्डावरून गट कळे.

वर्गात हे सांगितलं की पहिली प्रतिक्रिया येते ती म्हणजे, "एवढा खटाटोप कशाला? पहिल्याला औषध, दुसऱ्याला नाही, तिसऱ्याला औषध, असं केलं असतं तरी निम्मेनिम्मे झालेच असते." गेल्या वर्षी हे म्हणणारी एक कॉमर्सची मुलगी होती. मी तिला म्हटलं, "समजा तू वॉर्डातली डॉक्टर आहेस. आत्ताच्या रुग्णाला औषध मिळालं, म्हणजे पुढच्याला मिळणार नाही, हे तुला कळलंय. आणि पुढचा म्हणून बावीस वर्षांची, ताप उतरत नसलेली एक मुलगी दारात उभी आहे. काय करशील?"

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "सर, मी तिला म्हणेन, उद्या ये."

सगळं त्यात आलं. यात डॉक्टरची लबाडी नाही, दया आहे. पण अशा दहा-बारा दयांनी औषधाच्या गटात एका तऱ्हेचे रुग्ण साचतात आणि दुसऱ्या गटात दुसऱ्या तऱ्हेचे. मग शेवटी दिसलेला फरक औषधाचा की डॉक्टरच्या निवडीचा, हे कुणालाही सांगता येणार नाही. चिठ्ठ्या टाकणं एवढ्यासाठीच पुरेसं नसतं. पुढची चिठ्ठी काय आहे हे आधी कळता कामा नये. लिफाफा बंद हवा, आणि तो उघडण्याआधी रुग्णाला घेण्याचा निर्णय पक्का झालेला हवा. आजच्या निबंधांत लिफाफ्याऐवजी संगणक किंवा फोनवरची मध्यवर्ती सेवा असेल. तुम्ही शोधायचं ते हेच: रुग्णाला आत घेणाऱ्या माणसाला त्याचा गट आधी ओळखता येत होता का?

"रुग्णांची यादृच्छिक विभागणी केली" एवढं एकच वाक्य लिहून निबंध पुढे गेला असेल, तर पेन्सिलीने तिथे प्रश्नचिन्ह करा. वाईट काम झालंच असेल असं नाही, पण कसं केलं ते सांगितलेलं नाही, हे तुम्ही वर्गात हक्काने म्हणू शकता. जन्मतारीख सम की विषम, सोमवारी आलेले एका गटात आणि मंगळवारचे दुसऱ्या, अशी विभागणी दिसली तर सरळ कच्ची समजा. वार आणि तारीख सगळ्यांना आधीच माहीत असते.

वाटणी जमली का, हे तपासायलाही जागा असते. निबंधात सुरुवातीच्या स्थितीचा एक तक्ता दिलेला असतो आणि विद्यार्थी तो हमखास गाळतात. या निबंधात औषधाच्या गटातल्या ५५ पैकी ३० जणांची प्रकृती सुरुवातीलाच खालावलेली होती. दुसऱ्या गटात ५२ पैकी २४ जणांची. म्हणजे गट साधारण सारखे, आणि झुकतं माप असलंच तर औषधाच्या विरुद्ध. औषधाच्या वाट्याला धडधाकट रुग्ण आले म्हणून ते जिंकलं, असं कुणी म्हणू लागलं तर हा तक्ता दाखवायचा.

दोन गटांत नेमका फरक किती?

औषधाच्या गटाला दिवसाला २ ग्रॅम स्ट्रेप्टोमायसिन, दर सहा तासांनी एक अशा चार इंजेक्शनांतून, चार महिने. दोन्ही गटांना किमान सहा महिने अंथरुणात विश्रांती. कागदावर एवढाच फरक.

नवख्या वाचकानेही इथे जरा खोचक व्हावं. दुसऱ्या गटाला खोटी इंजेक्शनं दिली होती का? नव्हती. दिवसातून चार वेळा, चार महिने, नुसतं टोचत राहणं त्यांना योग्य वाटलं नाही, आणि मला वाटतं त्यांचं बरोबर होतं. पण त्यामुळे कुणाला औषध मिळतंय हे डॉक्टर-नर्सना उघड माहीत होतं. दोन्ही गटांचे रुग्ण सहसा वेगवेगळ्या वॉर्डांत होते. औषधवाल्यांकडे नर्स दिवसातून चार वेळा तरी जास्त जात होती. तेवढ्या जास्तीच्या लक्षाचा काही परिणाम झाला असेल का? या रचनेतून ते वेगळं काढता येत नाही. ही पळवाट त्यांनी पूर्ण बंद केलेली नाही, आणि ती तुम्हाला दिसली तर तुम्ही मेथडॉलॉजी वाचायला लागलात असं समजा.

आणखी एक गोष्ट आजच्या वाचकाला खटकते आणि खटकायलाच हवी. विश्रांतीच्या गटातल्या रुग्णांना आपण चाचणीत आहोत हे सांगितलेलंच नव्हतं. आज नीतिसमितीच्या मान्यतेशिवाय आणि रुग्णाच्या लेखी संमतीशिवाय अशी चाचणी करता येत नाही. आजच्या निबंधात या दोन्हींचा उल्लेख मेथडॉलॉजीत मिळाला नाही, तर ते जरूर नोंदवा.

गुण आला, हे कुणी ठरवलं?

मृत्यू मोजण्यात मतभेद होत नाहीत. क्ष-किरण चित्रात मात्र होतात. एकाच फिल्मकडे बघून एक डॉक्टर म्हणेल "बरीच सुधारणा", दुसरा म्हणेल "किंचित". आणि हा औषधवाला रुग्ण आहे हे माहीत असेल, तर डोळा नकळत सुधारणा शोधू लागतो.

म्हणून काय केलं? फिल्म वाचायला तीन जण बसवले, दोन रेडिओलॉजिस्ट आणि एक फिजिशियन. तिघांनी प्रत्येक फिल्म स्वतंत्रपणे वाचली, आणि रुग्ण कुठल्या गटातला हे तिघांनाही सांगितलं नाही. मतं जिथे वेगळी पडली त्या फिल्म शेवटी एकत्र बसून पाहिल्या.

वॉर्डात लपवता आलं नाही ते निकाल वाचणाऱ्यांपासून लपवलं. हे वाक्य वाचकाला आधीच्या उणिवेशी जोडता आलं पाहिजे. मेथडॉलॉजीतल्या गोष्टी अशा एकमेकींची भरपाई करतात. एक सुटली तर दुसरीने सावरलंय का हे बघायचं. तुमच्या हातातल्या निबंधात "सुधारणा", "समाधान", "आकलन" असं काही मोजलं असेल तर दोन गोष्टी शोधा: मोजणारा कोण, आणि मोजताना त्याला काय माहीत होतं.

माणसं मोजा

हे काम दोन मिनिटांचं आहे आणि फार कमी जण करतात. किती घेतले, किती गळले, शेवटच्या तक्त्यात किती उरले, हे आकडे एका ओळीत लिहा. इथे १०९ रुग्ण स्वीकारले. त्यातले दोघे सुरुवातीच्या निरीक्षणाच्या आठवड्यातच, उपचार सुरू होण्याआधी दगावले. उरले १०७. त्यांतले ५५ औषधाच्या गटात, ५२ विश्रांतीच्या. निकालाच्या तक्त्यातही तेच ५५ आणि तेच ५२.

हिशेब जुळला. जुळला नसता, समजा औषधाच्या गटातून शेवटी ४३च मोजले असते, तर पहिला प्रश्न हा की ते बारा गेले कुठे? औषध सोसवेना म्हणून सोडून गेले असतील, तर उरलेल्या ४३ जणांची सुधारणा छान दिसणारच.

आकड्यांना घाबरायचं नाही, चिठ्ठ्या करायच्या

सहा महिन्यांनंतर औषधाच्या गटातले ५५ पैकी ४ दगावले होते, विश्रांतीच्या गटातले ५२ पैकी १४. क्ष-किरणात लक्षणीय सुधारणा औषधाच्या गटात २८ जणांमध्ये, दुसऱ्या गटात ४ जणांमध्ये.

मृत्यूंच्या फरकाबद्दल निबंध म्हणतो की असा फरक नुसत्या योगायोगाने पडण्याची शक्यता शंभरात एकाहून कमी. हे वाक्य पाठ करून म्हणणारे पुष्कळ भेटतात, पण ते कळायचं असेल तर एकदा हाताने करून बघा. १०७ चिठ्ठ्या करा. एकूण दगावले १८, म्हणून १८ चिठ्ठ्यांवर फुली मारा. आता असं माना की औषध अगदी निरुपयोगी आहे. हे अठरा जण कुठल्याही गटात असते तरी गेलेच असते. मग चिठ्ठ्या कालवून डोळे मिटून ५५ उचला आणि त्यात फुल्या किती ते मोजा. बहुतेक वेळा सात ते अकराच्या आसपास येतील, कारण १८ गुणिले ५५ भागिले १०७ म्हणजे नऊच्या थोडं वर. चार किंवा त्याहून कमी फुल्या यायला खूप वेळा चिठ्ठ्या काढाव्या लागतील. शंभरदा काढल्यात तर एखाद्या वेळी येतील, कदाचित एकदाही नाही.

प्रत्यक्षात चार आल्या होत्या. म्हणून औषध निरुपयोगी आहे हे मानणं जड जातं. 'पी-मूल्य' म्हणतात ते हेच, आणि ते काय सांगत नाही हेही आता दिसतं. औषध किती चांगलं आहे हे ते सांगत नाही. वाटणीत गडबड झाली असेल, तर तीही त्याला पकडता येत नाही. चिठ्ठ्यांचा हा खेळ वाटणी खरोखर चिठ्ठ्यांसारखी झाली असेल तरच लागू पडतो. मधल्या पानांवर लिफाफ्यांपाशी रेंगाळायला सांगितलं ते यासाठी.

वेळ कमी असेल तर वर्गात २० चिठ्ठ्या आणि ४ फुल्या घेऊनही दाखवता येतं. आकडे वेगळे येतील, पण कल्पना कळते.

पद्धत कुठे संपते

प्रत्येक चाचणी कुठल्या तरी दिवशी मोजणी थांबवते. तो दिवस कुठला, हे मेथडॉलॉजीत लिहिलेलं असतं आणि निष्कर्ष वाचताना विसरलं जातं. इथे मुख्य मोजणी सहा महिन्यांची होती. वर्षअखेर औषधाच्या गटातले १२ आणि विश्रांतीच्या गटातले २४ दगावले होते. फरक टिकून होता. पण याच रुग्णांचा पुढचा मागोवा १९५४ मध्ये छापला गेला, तेव्हा पाच वर्षांत ५५ पैकी ३२ आणि ५२ पैकी ३५ मृत्यू झालेले दिसले. अंतर बरंचसं पुसलं गेलं होतं.

याचं कारण पहिल्या निबंधातच डोकावत होतं. अनेक रुग्णांच्या शरीरातले जंतू उपचार चालू असतानाच स्ट्रेप्टोमायसिनला दाद देईनासे झाले होते, आणि संशोधकांनी ते तपासून नोंदवलं होतं. एकटं औषध पुरत नाही, दोन-तीन मिळून द्यावी लागतात, या वाटेवर क्षयाचे उपचार गेले ते यातूनच. आज टीबीच्या रुग्णाला एकाच वेळी अनेक गोळ्या का घ्याव्या लागतात, त्याची एक मुळी इथे आहे.

म्हणून वहीत शेवटची नोंद अशी करा: कुणापुरतं, किती काळापुरतं, कशाशी तुलना करून. "स्ट्रेप्टोमायसिनने क्षय बरा होतो" हे वाक्य या चाचणीतून निघत नाही. "अशा तरुण रुग्णांमध्ये, पहिल्या सहा महिन्यांत, नुसत्या विश्रांतीपेक्षा मृत्यू कमी झाले आणि फुप्फुसं जास्त सुधारली" हे निघतं.

सांगून बघा

वाचून झाल्यावर निबंध बाजूला ठेवा आणि घरातल्या कुणाला तरी दोन मिनिटांत मराठीत सांगा. इंग्रजी संज्ञा न वापरता. अडखळाल तिथे तुम्हाला कळलेलं नाही, एवढा सोपा हिशेब. नमुना म्हणून, वर्गात मी मान्य करतो असं उत्तर साधारण असं असतं:

"दोन्ही फुप्फुसांना क्षय झालेले, ज्यांना दुसरा उपचार शक्य नव्हता असे १०७ तरुण रुग्ण घेतले. कुणाला औषध द्यायचं हे बंद लिफाफ्यातल्या क्रमवारीने ठरलं, त्यामुळे डॉक्टरांना आपल्या आवडीचे रुग्ण एका बाजूला टाकता आले नाहीत. बाकी देखभाल दोघांचीही सारखी ठेवायचा प्रयत्न केला, पण खोटी इंजेक्शनं नव्हती, म्हणून वॉर्डातल्यांना कोण कुठल्या गटात ते माहीत होतं. क्ष-किरण चित्रं वाचणाऱ्या तिघांना मात्र ते माहीत नव्हतं. सहा महिन्यांनी मृत्यू आणि फुप्फुसांतला बदल मोजला. घेतलेले सगळे रुग्ण हिशेबात आहेत."

यात "डबल ब्लाइंड", "कंट्रोल्ड", "सिग्निफिकन्ट" यांपैकी एकही शब्द नाही, तरी परीक्षकाने विचारलेल्या कुठल्याही प्रश्नाला तोंड देता येतं. उलट "ही डबल ब्लाइंड चाचणी होती", म्हणजे कोण कुठल्या गटात हे रुग्णांनाही माहीत नव्हतं आणि डॉक्टरांनाही, असं जो ठोकून देईल तो इथे तोंडावर पडेल, कारण ती तशी नव्हतीच.

नवा निबंध हातात असेल तर

आजच्या औषधचाचण्यांच्या निबंधात मेथडॉलॉजी बऱ्याचदा आखडती असते आणि उरलेला तपशील पुरवणीत टाकलेला असतो. वेबसाइटवर निबंधाच्या पानावर पुरवणीची फाइल वेगळी मिळते. ती उघडल्याशिवाय "वाटणी कशी केली ते दिलेलं नाही" असं म्हणू नका.

चाचणी भारतातली असेल तर आणखी एक तपासणी करता येते. निबंधात `CTRI` ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक शोधा. २००७ पासून आपल्याकडे चाचण्यांची नोंदणी ठेवणारी क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडिया आहे आणि २००९ पासून ही नोंदणी सक्तीची झाली. तिच्या `ctri.nic.in` या संकेतस्थळावर क्रमांक टाकला की चाचणी नोंदवताना संशोधकांनी काय लिहून दिलं होतं ते दिसतं: किती रुग्ण घेणार, मुख्यतः काय मोजणार, कधी मोजणार. निबंध शेजारी ठेवून तीनच ओळी ताडून बघा. तिथे "सहा महिन्यांनंतरचे मृत्यू" लिहिलं असेल आणि निबंधात मथळ्याला "तीन महिन्यांनंतरचं वजन" आलं असेल, तर मधे काहीतरी बदललं आहे. बदल करायला सबळ कारण असू शकतं, आणि असेल तर ते मेथडॉलॉजीत लिहिलेलं सापडतं. नसेल सापडत, तर प्रेझेंटेशनमध्ये मांडायला तुमच्याकडे एक खरा मुद्दा आहे, आणि नोंदणीच्या पानावरची तारीख हा त्याचा पुरावा.